पुळ्या गेल्या, गाठी राहिल्या

माझ्या मानेवर एकाच वेळी दोन निरनिराळ्या गोष्टी चालू होत्या आणि लांबून पाहिलं तर दोन्ही सारख्याच दिसायच्या. एक म्हणजे साधं फॉलिक्युलायटिस, ज्याला घरी आपण केसतूड म्हणून मोकळे होतो. दुसरी म्हणजे ॲक्ने कीलॉइडॅलिस. पहिल्याने त्रास दिला आणि ते गेलं. दुसऱ्याने सुरुवातीला फारसा त्रास दिला नाही, पण जिथे मुक्काम केला तिथले केस कायमचे गेले. या दोहोंतला फरक कसा ओळखला गेला आणि पुढे काय काय करावं लागलं, ते सविस्तर लिहितो. कारण मागून बारीक केस ठेवणाऱ्या बऱ्याच जणांच्या मानेवर मला आता हे दाणे दिसतात, आणि सुरुवातीला हाती असलेला वेळ फार मोलाचा असतो.

माझे केस दाट आणि कुरळे आहेत. मागचे केस मशीनने अगदी झिरोवर, आणि खाली मानेची रेघ वस्तऱ्याने साफ, अशी माझी कित्येक वर्षांची पद्धत होती. केस कापल्यावर दोन-तीन दिवसांनी मानेवर बारीक पुळ्या यायच्या. टोकाला पिवळसर पू, भोवती लाल कडं, मधोमध केस. कॉलर घासली की चुरचुरायचं. चार-पाच दिवसांत पुळी सुकायची, खपली धरायची, आणि पुढच्या काही दिवसांत तिथे काही होतं याची खूणही राहायची नाही. हे फॉलिक्युलायटिस. केसाच्या मुळाशी, त्वचेच्या वरच्याच थरात जंतूंचा संसर्ग होतो, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाच्या जंतूचा. वस्तऱ्याने त्वचेला बारीक ओरखडे पडतात आणि त्याला वाट मिळते.

घराजवळच्या डॉक्टरांनी मुपिरोसिन मलम दिलं, आंघोळीसाठी जंतुनाशक साबण सांगितला. पुळ्या कमी झाल्या. पण केसांची रेघ जिथे सुरू होते त्याच्या थोडं वर, कवटीचं हाड बोटाला जिथे लागतं त्या उंचवट्याखाली, काही दाणे तसेच राहिले. त्यांत पू नव्हता. दाबलं तर दुखायचे नाहीत, फक्त खाज यायची, विशेषतः घाम आल्यावर. रंग कधी त्वचेसारखा, कधी थोडा गडद. मलम लावून ते ना वाढले, ना घटले.

बायकोने एकदा तेल लावताना बोट फिरवून सांगितलं, “अरे, हे पुळ्यांसारखं लागतच नाही. आत काहीतरी घट्ट आहे.” तिचं बोट बरोबर जागी पडलं होतं. पुळी दाबली की दबते, तिच्यात मऊपणा असतो. हा दाणा बोटाखाली सरकायचा नाही, दबायचाही नाही. कडधान्याचा न भिजलेला दाणा त्वचेखाली पुरून ठेवावा, तसा लागायचा. आकाराने दोन ते चार मिलिमीटर, वरून गोल आणि गुळगुळीत.

तेव्हापासून आम्ही फोटो काढायला लागलो. मागचं आपलं आपल्याला दिसत नाही, आणि आरशात आरसा धरून पाहिलेलं दुसऱ्या दिवशी लक्षात राहत नाही. तिने माझ्या मानेजवळ शाळेतली पट्टी धरायची, त्याच खिडकीजवळ, तशाच उजेडात फोटो घ्यायचा. पुढे डॉक्टरांना सगळ्यात जास्त उपयोग याच फोटोंचा झाला. एकापुढे एक ठेवल्यावर सरळ दिसत होतं की खालच्या पुळ्या दर वेळी नवीन जागी येतात आणि पुढच्या फोटोत नसतात, आणि वरचे दाणे मात्र प्रत्येक फोटोत त्याच जागी आहेत. त्यातले दोन तर एकमेकांना भिडत चालले होते.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी आधी विचारलं ते केसांबद्दल. किती बारीक कापता, वस्तरा लागतो का, रक्त येतं का, हेल्मेट किंवा ताठ कॉलर घासते का. मग छाती, खांदे आणि कानाच्या पाळ्या पाहिल्या. मी कारण विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “कीलॉइडचा, म्हणजे जखमेच्या व्रणाची जाड गाठ होण्याचा, कल तुमच्या अंगात इतरत्र आहे का ते बघतेय. नाही आहे. या आजारात तो असावाच लागतो असं नाही. आणि मानेवर गाठी आल्या म्हणून उद्या कान टोचल्यावर तिथे गाठ येईल, असंही नाही.”

मग त्यांनी डर्मोस्कोप लावला. हे भिंग आणि दिवा असलेलं छोटं यंत्र त्वचेवर टेकवून पाहायचं असतं. त्यांनी त्यातला फोटो मला पडद्यावर दाखवला आणि तिथेच मला पहिल्यांदा फरक नीट समजला. खालच्या पुळीत एक केस, त्याच्याभोवती पिवळट ठिपका, भोवती लाली. बाकी सगळ्या केसांची छिद्रं जागेवर. वरच्या दाण्याच्या भागात मात्र छिद्रं बुजलेली, त्वचा फिकट आणि चकचकीत. काही ठिकाणी एकाच छिद्रातून तीन-चार केस झुपक्याने बाहेर आलेले, अगदी बाहुलीच्या डोक्यावर असतात तसे. काही केस मुळाशीच तुटलेले.

“हे झुपके बघा,” त्या म्हणाल्या. “आजूबाजूची छिद्रं व्रण धरून बंद झाली की उरलेले केस मिळेल त्या एका तोंडातून बाहेर येतात. साध्या फॉलिक्युलायटिसमध्ये हे होत नाही. तिथे छिद्र शाबूत राहतं, म्हणून केस परत येतो.”

मी विचारलं, “म्हणजे जंतू जास्त खोल गेलेत का?”

“नाही. इथे मूळ भांडण जंतूंशी नाही. म्हणून नुसत्या अँटिबायोटिक मलमाने हे हलत नाही.”

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. केसाच्या मुळाभोवती आधी दाह सुरू होतो. पुन्हा पुन्हा अगदी बारीक कापणं, घासणं, खाजवणं हे त्याला खतपाणी घालतं. दाहाने केसाच्या नळीची भिंत कमकुवत होते आणि फुटते. मग केसाचा तुकडा नळीबाहेर, त्वचेच्या आतल्या थरात जाऊन पडतो. शरीराच्या दृष्टीने तिथे तो केस परका, अंगात मोडून राहिलेल्या काट्याइतकाच. त्याला संपवायला पेशी जमा होतात, केस काही सहजी विरघळत नाही, आणि ही झटापट महिनोन्‌महिने चालू राहते. तिच्याभोवती शरीर घट्ट तंतुमय व्रण बांधत जातं. बोटाला लागणारा तो टणकपणा म्हणजे हा व्रण. केसाला तेलकटपणा देणाऱ्या ग्रंथीही त्यात नष्ट होतात. यावर जंतू बसले तर वरून पू दिसतो, पण ते नंतरचे पाहुणे.

म्हणूनच हा आजार संसर्गजन्य नाही. माझ्या टॉवेलने किंवा उशीने घरात कोणाला होणार नाही, हे ऐकून घरचे निर्धास्त झाले. सलूनमधल्या मशीनची स्वच्छता महत्त्वाची आहेच, पण ती साध्या फॉलिक्युलायटिससाठी आणि रक्तातून पसरणाऱ्या आजारांसाठी. निर्जंतुक केलेल्या मशीनने झिरो मारला तरी ॲक्ने कीलॉइडॅलिस वाढायचं ते वाढतंच.

हा आजार सर्वांत जास्त आढळतो तो आफ्रिकी वंशाच्या, घट्ट कुरळ्या केसांच्या पुरुषांत. वयात आल्यानंतर सुरू होतो, त्याआधी जवळजवळ नाहीच. बायकांत क्वचित. पण तो फक्त त्यांचाच नाही. दाट, कुरळे, राठ केस असलेल्या कोणालाही होऊ शकतो. त्याची नोंद जुनी आहे. मोरित्झ कापोसी यांनी 1869 मध्ये त्याचं वर्णन केलं, तेव्हा आजची विजेवर चालणारी मशीन कुठे होती! हे वाचल्यावर मला एक गोष्ट पटली: सगळा दोष मशीनच्या माथी मारता येत नाही. ज्याच्या मानेत हा कल आहे त्याला बारीक कापणं नडतं. माझा भाऊ तसेच केस तितकेच बारीक ठेवतो आणि त्याची मान स्वच्छ आहे.

खालच्या एका पुवाळलेल्या पुळीतून आणि वरच्या एका लाल झालेल्या दाण्यातून, असे दोन वेगवेगळे स्वॅब कल्चरला पाठवले. पुळीच्या स्वॅबमध्ये स्टॅफिलोकोकस आला आणि तो साध्या औषधांना दाद देणारा निघाला. दाण्याच्या स्वॅबमध्ये काहीच वाढलं नाही. एकाच मानेचे, एकाच दिवशी घेतलेले दोन नमुने. केस उपटून आणि थोडा कोंडा खरवडून बुरशीसाठीही पाहिलं, कारण डोक्यातली बुरशी कधी कधी सुजलेली, पुवाळलेली गाठ करते आणि तिचं औषध अगदी वेगळं. ती नव्हती. पुळ्या वारंवार येत होत्या म्हणून रक्तातली साखर तपासली, तीही ठीक निघाली.

बायोप्सी केली नाही. जागा, स्पर्श, झुपके, केस कापण्याची सवय हे सगळं जुळत असेल तर तिची गरज पडत नाही. शंका असेल, केस माथ्यापर्यंत गळत असतील, किंवा गाठी मऊ, पाणी भरल्यासारख्या आणि आतून एकमेकींना जोडलेल्या असतील, तेव्हा तुकडा काढून बघतात. कारण डोक्यावर व्रण करणारे आणखीही आजार आहेत.

मग उपचार सुरू झाले, आणि त्यांतला पहिला उपचार औषधाच्या दुकानात मिळणारा नव्हता. मागचे केस वाढवायचे. बाईंनी मापच दिलं: मशीनला चार नंबरच्या खाली जायचं नाही. म्हणजे साधारण 12-13 मिलिमीटर केस राहायला हवेत. वस्तरा मानेला लावायचा नाही, रेघ काढायची नाही. मी म्हटलं, “खाली मानेवर केस तसेच राहिले तर फार गबाळं दिसतं.” त्या म्हणाल्या, “खालची कड कात्रीने कापा, पण त्वचेला टेकवून नाही. आणि दाणे कापले जाऊन रक्त आलं तर त्या दिवशी तिथेच थांबवा.”

सलूनमध्ये हे समजावणं वाटलं होतं त्यापेक्षा अवघड गेलं. माझे केस कापणारे दादा मनापासून काम करतात आणि मागून उतरते केस ही त्यांची खासियत. त्यांचा हात सवयीने झिरोकडे जायचा. शेवटी मी त्यांना दाणे बोटाने चाचपून दाखवले, ते लागणारे नाहीत हे आधी सांगून. त्यांनी हात लावला आणि लगेच म्हणाले, “असे मी बऱ्याच जणांच्या मानेवर बघतो. मला वाटायचं मशीन गरम झाल्यामुळे येतात.” तेव्हापासून ते चार नंबरचं गार्ड आधी लावून मग मशीन चालू करतात, आणि खालची कड कंगव्यावर कात्री धरून कापतात.

औषधं अशी होती. क्लोबेटासोल 0.05 टक्के, हे फार तीव्र स्टेरॉइड, डोक्यावर लावायच्या पातळ द्रावात. दिवसातून दोनदा, सलग दोन आठवडे. मग दोन आठवडे पूर्ण बंद. पुन्हा दोन आठवडे. हे चालू-बंद चक्र महत्त्वाचं आहे, कारण इतकं तीव्र स्टेरॉइड सतत लावत राहिलं तर त्वचा पातळ पडते, रंग उतरतो, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. द्राव दाण्यावरच लावायचा, सगळ्या मानेला फासायचा नाही. खालच्या पुळ्यांच्या भागात तर अजिबात नाही, कारण जिथे जंतू आहेत तिथे नुसतं स्टेरॉइड लावलं की त्यांचं फावतं. माझ्या मानेवर दोन्ही आजार जेमतेम दोन बोटांच्या अंतरावर होते, त्यामुळे ही सूचना मला शब्दशः पाळावी लागली. बायको कापसाच्या काडीने एकेक दाणा टिपायची.

सोबत डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅमच्या गोळ्या. मी विचारलं, दाण्यात जंतू नाहीत तर अँटिबायोटिक कशाला? त्याचं उत्तर असं की हे औषध जंतू मारण्याखेरीज दाहही कमी करतं, आणि इथे ते मुख्यतः त्यासाठी आहे. खालच्या पुळ्यांना त्याचा फायदा झाला तो वेगळा. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. उन्हात त्वचा लवकर भाजते, म्हणून मान झाकायची, पण घासणार नाही अशा सैल, मऊ कापडाने. ही गोळी गरोदर स्त्रियांना आणि लहान मुलांना सहसा देत नाहीत, तेव्हा घरात कोणी ‘मलाही तशाच पुळ्या आहेत’ म्हणून उचलून घेऊ नये.

काही आठवड्यांत खाज थांबली. हे पहिलं चिन्ह. दाणे तसेच दिसत होते, पण दाह निवत होता. खालच्या पुळ्या तर वस्तरा बंद झाल्यावर जवळजवळ थांबल्याच. वरच्या दाण्यांपैकी जे नवे आणि लहान होते ते हळूहळू सपाट झाले, आणि त्यांतल्या काहींवर केस परत आले. जुने, टणक, भिडलेले दाणे मात्र मलमाला दाद देईनात. त्यांच्यात आता दाह कमी आणि व्रण जास्त होता, आणि इतक्या घट्ट व्रणात वरून लावलेलं औषध पुरेसं उतरत नाही.

त्यांच्यासाठी इंजेक्शन ठरलं. ट्रायॲम्सिनोलोन हे स्टेरॉइड थेट गाठीत टोचायचं. सुरुवात 10 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर या तीव्रतेने, आणि दाद मिळाली नाही तर वाढवायची. गाठ जाड असेल तर 40 पर्यंतही जातात. दोन इंजेक्शनांमध्ये चार ते सहा आठवड्यांचं अंतर.

हा भाग मी जवळून सांगतो, कारण त्याबद्दल मला आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. पालथं झोपवतात, कपाळ हातांवर. सुई अतिशय बारीक असते आणि टोचण्याचं दुखणं फार नाही. दुखतं ते औषध आत जाताना. गाठ इतकी घट्ट असते की औषधाला आत जागाच नसते. बाईंना पिचकारी अंगठ्याने जोर लावून दाबावी लागत होती आणि मला आतून ताणल्यासारखा ठणका जाणवत होता. औषध बरोबर जागी गेलं की गाठ क्षणभर पांढुरकी पडते. बाई बोलता बोलता सांगत होत्या, “जोर न लावता सहज आत गेलं तर मी थांबते. म्हणजे सुई गाठीच्या खाली, चरबीत गेली. तिथे औषध पडलं तर गाठ तशीच राहील आणि आजूबाजूला खड्डा पडेल.” एका गाठीपाशी त्या तशा थांबल्या, सुई थोडी वर घेतली आणि पुन्हा दाबलं. प्रत्येक गाठीत थेंब-दोन थेंबच औषध. नंतर थोडं रक्त, कापूस, आणि रात्री उशीवर त्या बाजूने टेकायचं नाही एवढंच पथ्य.

पुढच्या भेटीपर्यंत गाठी मऊ झाल्या होत्या. बोट फिरवलं तर कडा कुठे संपते हे कळेनासं झालं होतं. तीव्रता एकदा वाढवल्यावर बहुतेक गाठी त्वचेच्या बरोबरीला आल्या. एका ठिकाणी मात्र किंचित खळगा पडला आणि तिथला रंग फिका झाला. हा धोका आधीच सांगितला होता आणि सावळ्या त्वचेवर तो जास्त उठून दिसतो. बाईंनी त्या जागी पुढची इंजेक्शनं बंद केली. रंग बऱ्याच महिन्यांनी बराचसा भरून आला, खळगा थोडा आहे.

मध्ये एकदा एका जुन्या गाठीवर पू आला. दुखली, लाल झाली, उशीवर डाग पडला. मला वाटलं सगळं मुळापासून परत सुरू झालं. बाईंनी स्वॅब घेतला आणि या वेळी गाठीतही स्टॅफिलोकोकस निघाला. म्हणजे जुन्या व्रणावर नवा संसर्ग. त्या काळात स्टेरॉइडचा द्राव थांबवला, योग्य अँटिबायोटिकचा छोटा कोर्स झाला, पू गेला, आणि खाली ती जुनी टणक गाठ होती तिथेच होती. हे आजार एकमेकांवर बसू शकतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. पू दिसला म्हणजे ॲक्ने कीलॉइडॅलिस नाही, असं म्हणता येत नाही. पू गेल्यावर काय उरतं, ते बघावं लागतं.

लेझर आणि शस्त्रक्रिया यांवरही सविस्तर बोलणं झालं. लेझरने त्या भागातल्या केसांची मुळंच नष्ट करतात. केस नाही तर तुटून आत जाणारा तुकडा नाही, हे त्यामागचं साधं तर्कशास्त्र. सावळ्या आणि काळ्या त्वचेसाठी 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित धरतात, कारण ते वरच्या त्वचेतल्या रंगद्रव्यात कमी शोषलं जातं. अनेक बैठका लागतात, आणि मानेवरचा तो पट्टा कायमचा विरळ होतो. गाठी मोठ्या, एकमेकींत मिसळून आडवा पट्टा झाला असेल तर तो कापून काढतात. तिथे वरवर खरवडून उपयोग नसतो. केसांच्या मुळांच्या खालपर्यंत गेलं नाही तर आजार परत उगवतो. बऱ्याचदा जखम टाके न घालता उघडी ठेवून आतून भरू देतात आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. बाईंनी मला सरळ सांगितलं की माझ्या गाठी त्या टप्प्यावर नाहीत, आणि त्यांच्याकडे येणारे बरेच जण मात्र थेट त्या टप्प्यावरच येतात, कारण तोवर पाच-सहा प्रकारची मलमं लावून झालेली असतात. मला याचं खरोखर वाईट वाटतं. सुरुवातीचा दाणा साध्या, चालू-बंद स्टेरॉइडला आणि लांब केसांना दाद देतो. पट्टा झाल्यावर तोच आजार सुरीखाली जातो.

लेझरचा निर्णय मी लांबणीवर टाकला आहे. सध्या मानेवर साधारण करंगळीच्या नखाएवढा भाग गुळगुळीत आहे, तिथे केस येणार नाहीत आणि कोणतंही औषध ते आणणार नाही. वाढवलेले केस त्याला झाकतात. झुपके दोन ठिकाणी आहेत. खाज नाही. हेल्मेटच्या मागच्या कडेचं अस्तर मऊ असलेलं घेतलं आणि ते धुतो, कारण पूर्वी नेमकी तीच कड दाण्यांवर टेकायची.

नवीन काही आलं की आता घरात ठरलेली रीत आहे. पहिल्या दिवशी पट्टीसकट फोटो, हात लावायचा नाही, पिळायचं तर मुळीच नाही, कारण पिळल्याने केसाची नळी आतल्या बाजूलाच फुटते. पू असेल, लाल कडं असेल, तर जंतुनाशकाने धुवायचं आणि वाट पाहायची. आठवड्या-दहा दिवसांत सुकून सपाट झालं तर ते केसतूड होतं. पू एकदम वाढला, ताप आला किंवा लाली पसरत गेली तर वाट न पाहता डॉक्टरांकडे. आणि दोन-तीन आठवड्यांनंतरही त्याच जागी, पू नसताना, बोटाखाली न दबणारं काही उरलं असेल, तर पहिल्या दिवसाचा आणि त्या दिवसाचा असे दोन्ही फोटो घेऊन बाईंकडे जायचं, आणि त्या बघेपर्यंत सलूनची वेळ पुढे ढकलायची.